आठवण उशिरा केली की तिचा टोमणा होतो

मित्राकडे अडकलेले पैसे मागू नयेत, मागायचेच झाले तर असे मागावेत की मागितल्यासारखे वाटू नये, हा आपल्याकडे सभ्यपणाचा संकेत होऊन बसला आहे. त्यामुळे एरवी दुकानदाराशी, घरमालकाशी, बँकेशी रोखठोक बोलणारी माणसे सहलीचे, वाढदिवसाच्या भेटीचे किंवा अडीनडीला दिलेले पैसे मागताना गप्प बसतात, आणि हे गप्प बसणे फार काळ निभत नाही. महिना-दोन महिन्यांनी ते शब्दांतून बाहेर पडतेच, पण तेव्हा त्याला मागणीचे रूप राहिलेले नसते. ‘विसरलास वाटतं आम्हा गरिबांना’, ‘मोठी माणसं तुम्ही, तुम्हाला कुठे लक्षात राहणार’, किंवा कोणाचेही नाव न घेता व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर लावलेला, पैसा आणि माणसांची पारख या विषयावरचा सुविचार, असे काहीतरी येते. मागितल्याने मैत्री तुटते असे आपण म्हणतो. माझ्या पाहण्यात मैत्रीला जास्त इजा झाली आहे ती वेळेवर न मागता पुढे आडून मागितल्याने, आणि म्हणून सरळ शब्दांत, लवकर आणि पूर्ण माहितीसह केलेली आठवण हाच मित्राचा मान राखण्याचा मार्ग आहे, असे मला ठामपणे वाटते.

हे कसे घडते ते एका नेहमीच्या प्रसंगावरून पाहू. मुंबईतील सहा मित्र-मैत्रिणी दोन रात्रींसाठी तारकर्लीला जायचे ठरवतात. कुडाळपर्यंत कोकण रेल्वे, तिथून गाडी, मालवणजवळ होमस्टे असा बेत आहे. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठ वाजता खुले होते आणि सुट्टीच्या दिवसांत कोकणातल्या गाड्यांची तिकिटे पाहता पाहता संपतात, हे या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तिकिटे काढण्याचे काम एका मैत्रिणीने अंगावर घेतले आहे. चौघांनी होकार कळवला आहे, पाचव्याने निरोप वाचला आहे, त्याच्या दोन निळ्या खुणाही दिसत आहेत, पण उत्तर नाही. पहिला पेच इथेच, एक रुपयाही खर्च होण्याआधी, उभा राहतो.

अशा वेळी बहुतेक जण दोन दिवस थांबतात आणि मग नुसती दोन प्रश्नचिन्हे पाठवतात, किंवा ‘अरे, कळव ना’ एवढेच लिहितात. त्यातून समोरच्याला काय कळायचे? कधीपर्यंत कळवायचे, नाही कळवले तर काय होईल, अर्धवट उत्तर चालेल का, यातले काहीच त्याला समजत नाही. समजते ते एवढेच की विचारणारी वैतागली आहे. उत्तर लांबवणाऱ्या माणसाकडे बहुतेकदा काही कारण असते. त्याला रजा मिळेल की नाही हे ठरलेले नसते, घरी विचारायचे असते, किंवा खर्च झेपेल का याचा हिशेब तो मनात करीत असतो आणि ते सांगायला संकोचतो. प्रश्नचिन्हांमुळे या कारणांपैकी एकही दूर होत नाही, उलट संकोचात अपराधीपणाची भर पडते आणि उत्तर आणखी लांबते.

त्याऐवजी ती असे लिहू शकते: ‘गुरुवारी सकाळी आठला बुकिंग सुरू होतंय. बुधवारी रात्रीपर्यंत तुझं नक्की कळलं तर सहा तिकिटं काढते. नाही कळलं तर पाच काढून ठेवते. नंतर ठरलं तर तुझं तू बघ, होमस्टेत जागा आहेच.’ या निरोपात कुठेही आर्जव नाही आणि रागही नाही. मुदत आहे, मुदतीचे कारण आहे, आणि उत्तर आले नाही तर काय होईल हे आधीच सांगितलेले आहे. शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उत्तर न आल्यास काय करायचे हे ठरलेले असले की विचारणारीला पुन्हा पुन्हा विचारावे लागत नाही, आणि समोरच्याला नकार देण्याचा अवघडपणा सोसावा लागत नाही, कारण त्याचे मौनही उत्तर म्हणून चालते. मात्र जे सांगितले तसेच वागायला हवे. बुधवार उलटल्यावर त्याच्यासाठी तिने सहावे तिकीट काढून ठेवले आणि पुढे ‘तुझ्यासाठी मी किती धडपड केली’ असे ऐकवले, तर मुदतीला काही अर्थ उरत नाही.

समजा त्याचा होकार आला, सहल झाली आणि सगळे परतले. आता हिशेब. सहा जणांची जाण्या-येण्याची तिकिटे १२,६०० रुपये, होमस्टेच्या तीन खोल्या दोन रात्रींसाठी १३,२०० रुपये, गाडी ६,००० रुपये आणि जेवणखाण ७,२०० रुपये, असे ३९,००० रुपये झाले, माणशी ६,५००. सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी आणि समुद्रातील बोट यांचे ३,००० रुपये वेगळे, पण एक मैत्रीण बोट लागते म्हणून किनाऱ्यावरच थांबली होती, तेव्हा ते पाच जणांत वाटायचे, म्हणजे प्रत्येकी ६००. जेवणखाणाच्या ७,२०० पैकी मालवणातील माशांच्या जेवणाचे १,५०० रुपये एका मित्राने स्वतःच्या खिशातून भरले होते. म्हणजे तिघांकडून ७,१००, माशांचे पैसे देणाऱ्याकडून ५,६००, बोटीत न बसलेलीकडून ६,५०० असे ३३,४०० रुपये पुढाकार घेणाऱ्या मैत्रिणीला येणे आहे.

हा हिशेब मी मुद्दाम तपशिलात दिला, कारण गाडे अडते ते इथे. एवढी आकडेमोड कोणी करायची, म्हणून ती पुढे ढकलली जाते. रविवारी रात्री परतल्यावर सगळे दमलेले असतात, सोमवारी कामाची गडबड असते, पुढच्या शनिवारपर्यंत निम्म्या पावत्या हरवतात आणि माशांचे पैसे कोणी दिले हे कोणालाच आठवत नाही. मग ग्रुपवर एक मोघम निरोप येतो: ‘ज्यांचे राहिलेत त्यांनी प्लीज पाठवा.’ कोणाचे किती राहिले आहेत हे त्यात नसते. ज्यांनी अंदाजाने सात हजार पाठवलेले असतात त्यांना वाटते, आपले झाले. ज्याने काहीच पाठवलेले नसते त्याला वाटते, हा निरोप फक्त माझ्यासाठी आहे आणि तो सर्वांदेखत दिला आहे. यात गैरसमजाला जागा आहे, अपमानाला जागा आहे, आणि पैसे येण्याची शक्यता मात्र कमी आहे.

म्हणून पहिला हिशेब परतल्यापासून दोन दिवसांच्या आत ग्रुपवर सर्वांसमोर टाकावा, कारण तो सर्वांचा आहे आणि चूक असेल तर कोणीतरी लगेच सांगेल. आठवण मात्र प्रत्येकाला वेगळी, खासगीत करावी. माशांचे पैसे दिलेल्या मित्राला ती असे लिहील: ‘तारकर्लीचा हिशेब ग्रुपवर टाकलाय. तुझे ७,१०० होतात, तू मालवणात दिलेले १,५०० वजा जाता ५,६००. याच नंबरवर यूपीआय चालतं. रविवारपर्यंत पाठवशील का? या महिन्यात ओढाताण असेल तर कधी जमेल तेवढं सांग.’ रक्कम कशी आली, कुठे पाठवायची, कधीपर्यंत, आणि अडचण असेल तर काय म्हणायचे, हे सारे यात आहे. वाचणाऱ्याला काहीही शोधायचे, आठवायचे किंवा ताडायचे उरत नाही. उधारी थकण्याची कारणे शोधायला गेले तर बदनियत क्वचित सापडते. ‘नक्की किती द्यायचे आहेत ते एकदा बघून पाठवतो’ हे वाक्य मात्र जागोजागी सापडते, आणि ते बघणे कधीच होत नाही.

शेवटचे वाक्य, अडचणीची वाट मोकळी ठेवणारे, केवळ औपचारिकतेपोटी घातलेले नाही. ज्याच्याकडे खरोखरच पैसे नसतात तो माणूस मित्रांना टाळू लागतो. तो फोन उचलत नाही, ग्रुपवर गप्प होतो, भेटीचे बेत हुकवतो, आणि आपण समजतो की तो बेफिकीर आहे. त्याच्यापुढे ‘आज पूर्ण रक्कम दे’ आणि ‘तोंड लपव’ असे दोनच मार्ग असतील तर तो दुसराच पत्करतो. तारीख त्यानेच सुचवायची किंवा दोन हप्त्यांत द्यायचे, असा तिसरा मार्ग आधीच खुला असला तर त्याला बोलता येते.

व्यवहार यूपीआयवर आल्यापासून पैसे पाठवणे क्षणाचे काम झाले, मागणे मात्र तितकेच अवघड राहिले. मध्यंतरी अ‍ॅपमधूनच मित्राला ‘रिक्वेस्ट’ पाठवायची सोय अनेक जण वापरत. फसवणुकीसाठी तिचा गैरवापर होऊ लागल्यामुळे व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची ती सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. मला त्याची हळहळ वाटत नाही. कारणाशिवाय, संदर्भाशिवाय फोनवर उमटलेला आकडा वाचून मित्राला काय वाटेल याचा विचार त्या सोयीत नव्हता. दोन ओळी लिहायला जो अर्धा मिनिट लागतो, तेवढा वेळ मैत्रीसाठी द्यायला हरकत नसावी.

समजा, रविवार उलटला. ‘हो हो, पाठवतो’ एवढे उत्तर आले होते, पैसे आले नाहीत. दुसरी आठवण कशी करायची हा खरा प्रश्न आहे, कारण पहिली करताना मन स्वच्छ असते आणि दुसरी करताना थोडी कटुता आलेली असते. त्या कटुतेपोटी माणसे दोन टोकांना जातात. काही जण टोचून लिहितात. काही जण उलट इतकी माफी मागतात की ‘सॉरी, खरंच विचारायला नको वाटतंय, तुला वाईट वाटणार नाही ना, पण मलाही थोडी गरज होती म्हणून’ हे वाचणाऱ्याला आधी मागणाऱ्याचीच समजूत घालावी लागते. दुसरी पद्धत नम्र दिसते, पण ती समोरच्यावर जास्तच ओझे टाकते. आपले पैसे मागायला कारण लागत नाही. गरज सिद्ध करावी लागत नाही. दुसरी आठवण पहिलीपेक्षा लहान असावी: ‘तारकर्लीचे ५,६०० अजून आलेले दिसत नाहीत. एकदा बघतोस का? शुक्रवारपर्यंत चालेल.’ मुदतीनंतर दोन-तीन दिवसांतच ती जावी. तीन आठवड्यांनी गेली तर त्या तीन आठवड्यांत मनात साचलेले सारे तिच्यात उतरते, आणि वाचणाऱ्याला ते शब्दांमागे जाणवते.

तिसऱ्या वेळी लिहू नये, फोन करावा. लिहिलेल्या तिसऱ्या निरोपाला आपोआप नोटिशीचा सूर लागतो, तर आवाजात माणूस असतो. अडचण असेल तर ती फोनवर दोन मिनिटांत कळते. या फोनमध्ये इतर गप्पा घालू नयेत. आईची तब्येत, मुलांच्या परीक्षा विचारून झाल्यावर सर्वांत शेवटी, जाता जाता काढलेला पैशाचा विषय ऐकणाऱ्याला फसवल्यासारखा वाटतो, कारण आधीची सारी विचारपूस त्यासाठीच होती असे त्याला वाटू लागते. सुरुवातीलाच म्हणावे, ‘त्या पैशांसाठी फोन केलाय’, आणि ते बोलणे संपल्यावर मनापासून बाकीचे विचारावे.

यात दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. एक म्हणजे मध्यस्थ. मित्राच्या बायकोला सहज बोलता बोलता सांगणे, तिला नवऱ्याकडे विचारायला लावणे, किंवा दुसऱ्या मित्राकरवी निरोप धाडणे, यामुळे देणे दोघांत राहत नाही, त्याची चर्चा होते. दुसरी म्हणजे त्याच्या इतर खर्चांवर नजर. ‘नवा फोन घ्यायला पैसे आहेत, हॉटेलांचे फोटो टाकायला वेळ आहे, माझे द्यायला नाहीत’ हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण तो एकदा बोलून दाखवला की विषय ५,६०० रुपयांचा राहत नाही, त्याच्या राहणीचा होतो, आणि त्यावर कोणीही चिडेलच. फोन कदाचित हप्त्यावर असेल, जेवणाचे बिल दुसऱ्याने भरले असेल. आपले येणे त्या रकमेपुरते आहे. त्याच्या जगण्यावर मत देण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

मैत्रीत हिशेब आणू नये असे म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे. कट्ट्यावरचा चहा, वडापाव, रिक्षाचे वीस-तीस रुपये यांचा हिशेब ठेवणारी मैत्री कोरडी होते. ‘आज मी, उद्या तू’ हा व्यवहार रोज भेटणाऱ्या, साधारण सारखी मिळकत असणाऱ्या माणसांत फार सुंदर चालतो, कारण फिरून फिरून सगळे जुळते. पण हीच रीत ४२,००० रुपयांच्या सहलीला लावली, किंवा वर्षातून एकदा भेटणाऱ्यांत लावली, की ती मोडते. आणि मोडते तेव्हा भुर्दंड नेहमी त्यालाच पडतो ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड आहे, ज्याला नाही म्हणता येत नाही, किंवा जो कामाला पुढे होतो. अनेक मित्रमंडळांत ही व्यक्ती ठरलेली असते.

त्याहूनही अन्याय होतो तो कमी पगारावर असलेल्या मित्रावर. दोघांची मिळकत सारखी नसताना ‘आपल्यात कसले आले पैसे’ हे वाक्य फक्त चांगला कमावणारा म्हणू शकतो. पहिल्या नोकरीत असलेल्या, खोलीचे भाडे आणि गावाकडे पाठवायची रक्कम भागवून महिनाअखेर काढणाऱ्या मुलीचे सात हजार अडकले तर तिला ते जाणवतात, आणि बाकीच्यांना ते मागणे हलकेपणाचे वाटते म्हणून ती गप्प बसते. भीड ही भिकेची बहीण, असे जुनी माणसे म्हणत, ते तिच्याबाबतीत अक्षरशः खरे होते. पैशाबद्दल न बोलण्याची रीत वरवर उदार दिसत असली तरी तिची किंमत मंडळातील सर्वांत दुबळा देतो, म्हणून मला ही केवळ शिष्टाचाराची बाब वाटत नाही.

याउलट भिशीकडे पाहावे. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम, सर्वांनी द्यायची. तिथेही मैत्रिणी, शेजारणी, सहकारीच असतात. ‘उद्या पाच तारीख, भिशी आणा गं’ असे सांगितल्याचा कोणाला राग येत नाही, कोणी त्याला तगादा म्हणत नाही. तारीख आणि रक्कम आधी सर्वांच्या संमतीने ठरलेली आहे, म्हणून आठवण करणारी स्वतःसाठी मागत नाही, ठरलेल्या गोष्टीकडे फक्त बोट दाखवते. मित्रांतील उसनवारीत आपण देताना ‘सावकाश दे रे, घाई नाही’ असे म्हणतो आणि तिथेच पुढच्या अवघडपणाची सोय करून ठेवतो. कारण मग मुदत पहिल्यांदा उच्चारली जाते ती थेट मागताना, आणि घेणाऱ्याला वाटते की हा शब्द फिरवतो आहे. ‘घाई नाही, पण दिवाळीपर्यंत मिळाले तर बरं’ एवढे देतानाच म्हटले, तर दिवाळीनंतरची आठवण दोघांनाही अपेक्षित असते.

रक्कम मोठी असेल, म्हणजे दवाखान्याच्या डिपॉझिटसाठी किंवा घरासाठी लाखभर रुपये हातउसने दिले असतील, तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. उसने दिलेले पैसे परत मिळवण्यासाठी दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार साधारणपणे तीन वर्षांची आहे, आणि परतीची तारीख ठरली नसेल तर ती पैसे दिल्याच्या दिवसापासूनच मोजली जाते. आपण कितीही आठवणी पाठवल्या तरी त्यांनी ती वाढत नाही. मुदतीच्या आत घेणाऱ्याने देणे मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले, तर त्या दिवसापासून नव्याने मोजणी सुरू होते. मित्रावर दावा लावावा असे मी सुचवत नाही. पण भिडेपोटी तीन वर्षे गप्प राहिलेल्या माणसाच्या हातून मैत्रीही निसटते आणि हक्कही, म्हणून मोठ्या रकमेला देतानाच चार ओळींचा कागद करावा. घेणारा शहाणा असेल तर तो स्वतःच तो पुढे करील.

आणि तीनदा सांगूनही, फोन करूनही ५,६०० रुपये आले नाहीत तर? तेव्हा पुन्हा मागायचे की सोडून द्यायचे हे एकदा पक्के ठरवावे. सोडायचे ठरले तर खरोखर सोडावे, चारचौघांत त्याची गोष्ट सांगू नये, आणि त्याच्यासोबतची पुढची सहल टीटीएमएमवर ठेवावी: तिकिटे काढायच्या आधी प्रत्येकाने पाच हजार रुपये जमा करायचे, ज्याचे आले त्याचे तिकीट, आणि परतल्यावर उरलेले ज्याचे त्याला.